सोसायटीच्या सभेत सोलरवर बोलताना या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडीतल्या अपार्टमेंटच्या सभेत सोलर बसवणारा उभा राहतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, "तुमचं बिल शून्य होईल." भाषण तिथेच फसतं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे २०० युनिटांच्या आतल्या बऱ्याच घरांचं बिल आधीच शून्य आहे. तीन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या काकू लगेच विचारतात, "मग आम्ही पैसे कशाला भरायचे?" याला उत्तर नसेल, तर पुढचं कुणी ऐकत नाही.

म्हणून बोलणं फ्लॅटच्या मीटरवरून नव्हे, कॉमन मीटरवरून सुरू करा. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांचं बिल सगळे मेंटेनन्समधून भरतात. सभेआधी सेक्रेटरींकडून वीज कंपनी हेस्कॉमची बारा महिन्यांची बिलं घ्या, बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, कॉमन मीटरचाच आहे ना ते पाहा, आणि दर महिन्याचे युनिट मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा. एका महिन्याच्या बिलावर हिशोब मांडू नका. मे महिन्यात टाकी भरायला मोटर जास्त चालते, तो आकडा वर्षभराला लावला की सिस्टिम गरजेपेक्षा मोठी निघते.

दुसरी चूक इथूनच येते: छत मोकळं दिसतं म्हणून १० किलोवॉट सुचवणं. उदाहरण घेऊ. २४ फ्लॅट, कॉमन मीटरवर महिन्याला सरासरी ९०० युनिट. एक किलोवॉट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो, म्हणजे ६ किलोवॉटचे ८,४०० होतात आणि गरज आहे १०,८०० ची. कडक उन्हाच्या महिन्यातही ६ किलोवॉटची वीज जेमतेम ९०० पर्यंत जाते, त्यामुळे जवळपास सगळी सोसायटीच्याच बिलातून वजा होते. मोठी सिस्टिम लावली तर जादा वीज हेस्कॉमकडे जाते, आणि तिला मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा कमी असतो. तो दर करारातून वाचून दाखवा, तोंडी सांगू नका.

आता पैसे. कोटेशन किलोवॉटला ६०,००० धरलं, तर एकूण ३,६०,००० रुपये. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटला १८,००० अनुदान आहे, म्हणजे १,०८,०००. इथे बहुतेक जण फक्त उरलेले २,५२,००० सांगतात, फ्लॅटमागे १०,५००. पण अनुदान सिस्टिम चालू झाल्यावर येतं, आधी खिशातून १५,००० काढावे लागतात. हे सभेत न सांगता नंतर कळलं, की विश्वास गेला. युनिट ८ रुपये धरलं तर वर्षाला ६७,२०० वाचतात. धुण्या-देखभालीचे ७,२०० वजा केले की ६०,००० उरतात. पैसे सुटायला सव्वाचार वर्षं, अनुदान अडकलं तर सहा. दोन्ही आकडे शेजारी लिहा. फिक्स्ड चार्ज तसाच राहतो, हेही बोला.

पावसाळा लपवू नका. बेळगावच्या जुलैत दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या महिन्यात ६ किलोवॉटमधून निम्म्याच्या आसपास वीज धरा आणि बाकीचं बिल येणार असं आधीच सांगा. नाहीतर ऑगस्टमध्ये बिल हातात घेऊन तेच लोक तुम्हाला शोधतील.

सगळ्यात मोठा गैरसमज लाइट जाण्याचा. "सोलर आहे, आता लिफ्ट बंद पडणार नाही" असं लोक गृहीत धरतात. हेस्कॉमच्या लाइनला जोडलेला साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये. भर दुपारीही लिफ्टला जनरेटरच लागेल. बॅटरीचा खर्च वेगळा आहे, तो या हिशोबात मिसळू नका.

वरच्या मजल्यावरच्यांची काळजी गळतीची असते. "काही होणार नाही" हे उत्तर नाही. स्लॅबला भोक पाडणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करणार, वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर दुरुस्ती कोण करणार, हे कोटेशनमध्ये लिहून द्या. ११ पॅनेलना सुमारे ६०० चौरस फूट जागा जाते. पापड, सांडगे, कपडे कुठे वाळवायचे हा रास्त प्रश्न आहे. स्ट्रक्चर माणूस खालून चालेल इतकं उंच करता येतं, पण लोखंड वाढतं आणि वाऱ्यासाठी पाया भक्कम लागतो, त्याची किंमत वेगळी दाखवा. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतली वीज घटू शकते, म्हणून छतावर कुठे पॅनेल येणार ते खडूने आखूनच सभेला या.

कोटेशन मराठी आणि कन्नड दोन्हीत द्या, कारण सभेत दोन्ही भाषांची घरं असतात. आणि त्याच संध्याकाळी हात वर करायला लावू नका. एक आठवडा कागद नोटीस बोर्डावर राहू दे, आणखी एका इन्स्टॉलरचं कोटेशन मागवायला सांगा, मतदान पुढच्या सभेत घ्या.