पुराचा ‘कालचा’ उपग्रह फोटो खरंच कालचा आहे का?

आपत्तीचा वरून काढलेला फोटो फिरत आला की पाणी किंवा पडझड बघत बसू नका. ज्या गोष्टी एका दिवसात बदलत नाहीत त्या बघा: पूल, मोठी छपरं, नवे रस्ते.

१. गूगल अर्थ प्रोमध्ये ती जागा उघडा आणि वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबून जुनी चित्रं एकेक करून पाहा. समजा, फोटोत पुलाचे फक्त खांब उभे आहेत आणि दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात पूल पूर्ण दिसतोय. मग फोटो त्याआधीचाच. (तो पूल मधे पडला नसेल, एवढी मात्र खात्री करा.)

२. फोटो ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहाचा म्हणून सांगितलाय आणि त्यात गाड्या सुट्या मोजता येतात? गडबड आहे. त्याचा एक पिक्सेल १० मीटरचा, गाडी जेमतेम साडेचार मीटरची. चित्र ड्रोनचं किंवा दुसऱ्या उपग्रहाचं असणार.

३. सावल्या पाहा. सगळ्या इमारतींची सावली एका दिशेला आणि एखाद्याच ढिगाऱ्याची भलतीकडे असेल, तर तो भाग बहुधा बाहेरून आणून चिकटवलेला. मला तरी ही खूण सगळ्यात लवकर सापडते.

फक्त कडा चौकटी-चौकटीच्या दिसतात म्हणून फोटो खोटा ठरवू नका. व्हॉट्सॲपवरून दोनचार वेळा फिरला की खरा फोटोही तसाच फुटतो.