जलचक्राचा प्रयोग: "बाई, बर्फ गळला!"

जाड काचेच्या पसरट भांड्यात दोन बोटं गरम पाणी घ्या (ते बाईंनीच ओतायचं) आणि निळ्या शाईचे चार थेंब टाका. मधोमध रिकामी वाटी ठेवा. तरंगायला लागली तर तिच्यात खडा टाका. वर प्लास्टिकचा कागद लावून रबरबँडने घट्ट बसवा. वाटीच्या बरोबर वर बर्फाची छोटी पिशवी ठेवली की कागद तिथे खोलगट होतो. थोड्या वेळाने खालच्या बाजूला थेंब जमतात, मोठे होऊन वाटीत टपकतात. दुसरीतली मुलं हमखास म्हणतात, "बाई, बर्फ गळला!" म्हणून बर्फ लाल रंगाच्या पाण्याचा करावा. वाटीतलं पाणी लालही नसतं, निळंही नसतं. मग विचारायचं, शाई कुठे राहिली?