'एव्हरीमॅन' वाचताना या चुका टाळा

पंधराव्या शतकाच्या अखेरीचं 'एव्हरीमॅन' हे इंग्रजी नाटक जेमतेम नऊशे ओळींचं आहे. कथा सरळ आहे. देव मृत्यूला धाडतो, मृत्यू एव्हरीमॅनला आयुष्याचा हिशेब घेऊन यायला सांगतो, आणि तो सोबत कोण येईल याच्या शोधात निघतो. मित्र, नातलग, संपत्ती सगळे अंग काढून घेतात. चुलतभावाच्या तर ऐन वेळी पायाच्या बोटात गोळा येतो!

आपल्याकडचा वाचक इथेच फसतो. शेवटी 'सत्कृती' हे पात्र कबरीत सोबत जातं म्हटल्यावर त्याला पुण्याची शिदोरी आठवते आणि तो पुस्तक मिटतो. पण सत्कृती पहिल्यांदा दिसते तेव्हा ती जमिनीवर पडलेली असते. एव्हरीमॅनच्या पापांनी तिला असं जखडलंय की उठता येत नाही. तिची बहीण 'ज्ञान' त्याला 'कबुली'कडे नेते, तो स्वतःच्या अंगावर चाबूक ओढतो, आणि तेव्हा कुठे सत्कृती उभी राहते. कॅथलिक शिकवण अशी की पश्चात्ताप, पापाची कबुली आणि प्रायश्चित्त यांशिवाय सत्कृत्याला बळ येत नाही. नाटककार ती नुसती सांगत नाही, पडलेलं पात्र उठवून दाखवतो. म्हणून वाचताना कोण पडलंय, कोण उभं आहे, कोण कधी निघून जातं याच्या खुणा समासात करा. अर्धं धर्मशास्त्र त्या हालचालींतच आहे.

दुसरी चूक म्हणजे 'पंचेंद्रियं' या पात्राचं पुरोहितांवरचं भाषण कंटाळवाणं प्रवचन म्हणून ओलांडणं. (पहिल्या वाचनात मीही ओलांडलं होतं.) याच बोलण्याच्या ओघात एव्हरीमॅन मरणाआधीचा शेवटचा संस्कार घ्यायला रंगमंचाबाहेर जातो. तो संस्कार प्रेक्षकांना दिसत नाही, त्याची जागा हे बोलणं भरून काढतं. पुरोहित देवदूतांहून श्रेष्ठ, असं पंचेंद्रियं म्हणतात. लगेच ज्ञान टोकतं: संस्कार विकणारे, पोरं पैदा करणारे पुरोहितही आहेतच की. शिकवण बाजूला राहत नाही, तिला संवादातच धार येते.

एव्हरीमॅन परततो, आता तरी सुटला असं वाटतं. कबर दिसताच सौंदर्य, बळ, विवेक आणि तीच पंचेंद्रियंही काढता पाय घेतात. पुष्कळांना ही पहिल्या अर्ध्याची पुनरुक्ती वाटते. पण आधी गेले ते बाहेरचे होते. आता त्याच्या आतलं एकेक जातंय, आणि सगळे संस्कार यथासांग होऊनसुद्धा. ज्ञानही कबरीच्या काठावरच थांबतं. आत उतरते ती सत्कृतीच.