"काही" हा शब्द मला केवढ्याला पडला: रिस्ट्रक्चरिंगची नोटीस लिहिणाऱ्या नवीन एचआरवाल्यांसाठी

ऑफर लेटर, वॉर्निंग लेटर सगळं कॉलेजात शिकवतात, पण खात्यांची फेररचना होणार हे लोकांना कागदावर कसं सांगायचं ते कुणी शिकवत नाही, आणि माझ्यावर ती वेळ नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आली. चाकणची पार्ट बनवणारी कंपनी, तीन शिफ्ट, साधारण अडीचशे माणसं. स्टोअर्स आणि डिस्पॅच ही दोन खाती एक करायची होती आणि सुपरवायझरच्या सहा जागांच्या चार होणार होत्या. बस, एवढाच बदल.

मी लिहिलं, "बदलत्या व्यावसायिक परिस्थितीचा विचार करता काही विभागांची पुनर्रचना करण्यात येत असून काही पदांचा आढावा घेण्यात येईल. सर्वांनी सहकार्य करावे." बुधवारी संध्याकाळी बोर्डावर लागली, गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. म्हणजे विचारायला कुणी जागेवर नाही आणि नोटिशीचा फोटो मात्र सगळ्यांच्या मोबाईलवर. शुक्रवारी सकाळी गेटवर पोचले तोवर प्लांट साणंदला हलणार हे पक्कं झालं होतं! प्रेसशॉपमधले एक काका केबिनमध्ये आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, मुलीच्या लग्नाचा हॉल बुक करायचाय, अ‍ॅडव्हान्स भरू का थांबू?" त्यांच्या खात्याचा या बदलाशी काडीचा संबंध नव्हता. पण "काही विभाग" म्हटल्यावर प्रत्येकाने त्यात आपलं खातं वाचलं, आणि ते मी लिहिलेल्या वाक्यामुळेच झालं.

त्या दिवशी आमच्या प्लांट हेडनी मला बसवून दुसरी नोटीस लिहून घेतली, ती जशी आठवते तशी देते:

"१ तारखेपासून स्टोअर्स आणि डिस्पॅच ही खाती एकत्र होतील. दोन्हीकडचा साठा आता एकाच सिस्टीमवर असल्याने दोन वेगळी खाती लागत नाहीत. सुपरवायझरच्या ६ जागांपैकी ४ राहतील. संबंधित सहाही जणांशी आज बोलणं झालं आहे. कोणत्या जागेवर कोण, हे २२ तारखेला कळवू. बाकी खात्यांच्या जागा, शिफ्ट आणि पगार या बदलात येत नाहीत. प्रश्न असल्यास रोज ३ ते ४ एचआर केबिनमध्ये या."

बघा, साणंदचा शब्दही नाही. मला तर "प्लांट हलणार ही अफवा आहे" असं लिहायचं होतं, साहेब म्हणाले ज्याच्या कानावर गेलं नाही त्यालाही आपणच सांगणार का? आणि "कुणाचीही नोकरी जाणार नाही" हे वाक्य पण त्यांनी खोडलं, कारण उरलेल्या दोघांना दुसरीकडे जागा मिळेल का हे तेव्हा खरंच ठरलेलं नव्हतं. "या बदलात येत नाहीत" एवढंच आपण छातीठोक सांगू शकत होतो, पुढच्या वर्षीचं नाही.

क्रम पण महत्त्वाचा. आधी त्या सहा जणांना एकेकटं बोलावून तोंडी सांगितलं, कारण आपली जागा धोक्यात आहे हे बोर्डावर वाचायला लागणं वाईटच. मग सगळ्या खात्यांच्या सुपरवायझरना अर्धा तास, म्हणजे लाइनवर कुणी विचारलं तर सगळ्यांकडून एकच उत्तर जाईल. मग तिन्ही शिफ्टना त्या त्या शिफ्टच्या सुरुवातीला वाचून दाखवली आणि त्यानंतर बोर्डावर. नाईट शिफ्टला मी स्वतः थांबले, कारण त्यांना नेहमी सगळं इतरांकडूनच कळतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. कामगारांच्या शिफ्ट, पगार, भत्ते अशा अटींना हात लागणार असेल तर अशी साधी नोटीस पुरत नाही, कायद्याप्रमाणे साधारणपणे २१ दिवस आधी बदलाची रीतसर नोटीस द्यावी लागते, ती लेबर कन्सल्टंटला दाखवल्याशिवाय काढू नका आणि युनियन असेल तर त्यांना बोर्डावरून कळू देऊ नका.

लिहून झाल्यावर मी आता एकच चाचणी करते, ज्या खात्याचा संबंध नाही अशा एकाला वाचायला देते आणि विचारते, तुझं काय होणार? तो लगेच "माझं काही नाही" म्हणाला तर ठीक, थांबून विचार करायला लागला तर कुठेतरी "काही", "आढावा" नाहीतर "लवकरच" राहिलेला असतो.

२२ तारीख आली आणि निर्णय झालेला नव्हता, एका जागेवर अडलं होतं. गप्प बसायचा मोह झाला, पण सकाळीच दोन ओळी लावल्या, तीन जागा ठरल्या, चौथीचं २८ ला सांगू, उशीर आमच्याकडून झालाय. त्या दिवशी तीन ते चार केबिनमध्ये दोनच माणसं आली, दोघंही त्याच खात्यातली.