उमेदवार आणि हायरिंग मॅनेजरची एकाच ईमेलमध्ये ओळख कशी करून द्यावी

ईमेल लिहिण्याआधी दोघांना वेगवेगळं विचारा. पहिला नंबर मॅनेजरचा, आणि तेही उमेदवाराचं नाव न घेता: कामाचा अनुभव एका ओळीत सांगा आणि बोलायची तयारी आहे का, एवढंच विचारा. जागा आधीच भरलेली असेल, तर नाव विनाकारण बाहेर जात नाही. नोकरी शोधतोय हे बहुतेकांनी ऑफिसात सांगितलेलं नसतं, म्हणून ही काळजी. मॅनेजर हो म्हणाला की उमेदवाराची संमती घ्या आणि त्याचा खासगी ईमेल मागून घ्या. ऑफिसच्या पत्त्यावर हा ईमेल कधीही पाठवू नका.

आता मजकूर. समजा, मीरा ही उमेदवार आणि समीर हा मॅनेजर:

> विषय: ओळख: मीरा (बॅकएंड) आणि समीर (पेमेंट टीम)
>
> समीर, मीरा,
> दोघांशी बोलणं झालंच आहे, त्याप्रमाणे ही ओळख.
>
> समीर, मीरा 6 वर्षं पेमेंट सिस्टिमवर काम करतेय. त्यातली 2 वर्षं आम्ही एकाच टीममध्ये होतो. अडकलेले व्यवहार आपोआप जुळवणारी सिस्टिम तिने बांधली, तेव्हापासून आमचं रोजचं हाताने ताळमेळ घालणं थांबलं.
>
> मीरा, समीरची टीम रिफंडची सिस्टिम नव्याने बांधतेय. त्यासाठी त्याला सीनिअर इंजिनिअर हवा आहे.
>
> मीरा, या आठवड्यातल्या सोयीच्या 2-3 वेळा समीरला कळव. उत्तर देताना मला Bcc मध्ये टाक.

मीराबद्दलच्या परिच्छेदात खरं वजन तिसऱ्या वाक्याला आहे. ‘हुशार, मेहनती’ हे कुणाबद्दलही लिहिता येतं. तुम्ही स्वतः पाहिलेलं एक काम आणि त्याने काय बदललं, हे मॅनेजरला उपयोगी पडतं. ओळख कुठली, हेही लिहा, म्हणजे तुमच्या शब्दावर किती विसंबायचं ते त्याला ठरवता येतं. पगाराची अपेक्षा आणि नोकरी सोडण्याचं कारण मात्र उमेदवारालाच सांगू द्या. सीव्हीही त्याने होकार दिला तरच जोडा.

बहुतेक ओळखी शेवटच्या ओळीवर फसतात. ‘तुम्ही दोघं बोलून घ्या’ असं लिहिलं की मीराला वाटतं समीर लिहील, समीरला वाटतं तिला गरज असेल तर ती लिहील, आणि आठवडा असाच जातो. म्हणून आधी कोणी लिहायचं ते नाव घेऊन सांगा. आमच्या मते ते उमेदवाराने करावं, कारण मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये हे काम सहज मागे पडतं.

Bcc चा फायदा दुहेरी आहे. मीराचं पहिलं उत्तर तुम्हाला दिसतं, म्हणजे गाडी सुरू झाल्याचं कळतं. त्यावर समीरने ‘Reply all’ केलं तरी पुढचा पत्रव्यवहार तुमच्याकडे येत नाही. 3-4 कामाच्या दिवसांत तुमच्याकडे काहीच आलं नाही, तर फक्त मीराला वेगळा मेसेज करा. त्याच ईमेलवर आठवण काढलीत, तर समीरसमोर ती निष्काळजी ठरते.