‘पित्तानं डोकं दुखतं’ याच्या पुढे डॉक्टरांना काय सांगायचं

माझी मामी कितीतरी वर्षं डॉक्टरांना एकच वाक्य सांगायची: ‘पित्त झालं की डोकं दुखतं, उलटी झाली की उतरतं.’ मग पित्ताची गोळी मिळायची. अर्धशिशीत, म्हणजे मायग्रेनमध्येही, मळमळ आणि उलटी होते, पण मामी निदान स्वतःच करून जायची. त्यामुळे नाव न देता नुसतं काय होतं ते सांगायचं.

त्यासाठी महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद ठेवा. डोकं दुखायला कधी लागलं, कधी थांबलं आणि गोळी घेतली का, एवढं पुरे. वेळ महत्त्वाची असते. औषध न घेता मायग्रेन साधारण ४ ते ७२ तास टिकतो. एका डोळ्याभोवती असह्य कळ, त्याच डोळ्यातून पाणी आणि पाऊण-एक तासात सगळं शांत, असं असेल तर डॉक्टर वेगळ्या दिशेनं विचार करतात.

‘खूप दुखतं’ यातून फारसं कळत नाही. दहापैकी किती ते सांगा, आणि तेव्हा काय जमलं नाही तेही. मामीच्या कॅलेंडरवर लिहिलं होतं: ‘१२ तारीख. सकाळी १० पासून डावी कानशील ठणकते. ८. जिना चढले की वाढतं. कुकरची शिट्टी सहन होईना, अंधारात पडून राहिले. रात्री ९ ला उतरलं. पाळी उद्या.’ डॉक्टरांचे निम्मे प्रश्न इथेच संपले. तुमचं डोकं ठणकत नसेल, दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं वाटत असेल, तर तसंच सांगा.

गोळ्यांचा आकडा सांगायला लोक कचरतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही मोजा. साधी पॅरासिटामॉल महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली मिश्र वेदनाशामक १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. डोकं अजिबात न दुखलेले दिवस किती, तेही मोजून न्या. ‘महिन्यातून चार वेळा’ म्हणणाऱ्याला कधीकधी बारीक ठसठस रोजच असते, ती तो धरतच नाही.

विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. हे कोणत्या प्रकारचं दुखणं वाटतं, आणि कशावरून? गोळी सुरुवातीलाच घ्यायची का, महिन्यात जास्तीत जास्त किती दिवस? दुखणं येऊच नये म्हणून रोजचं औषध लागेल का? स्कॅन सांगितला तर तो काय शोधण्यासाठी?

काही वेळा मात्र कॅलेंडर भरत बसायचं नाही. एका मिनिटाच्या आत कळस गाठणारी, कधीच न अनुभवलेली कळ. तापासोबत ताठ झालेली मान. बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं किंवा नव्यानं दिसेनासं होणं. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं: यातलं काहीही झालं तर तडक इमर्जन्सी गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं असेल किंवा गरोदरपणात नव्यानं सुरू झालं असेल, तरी महिनाभर थांबू नका.