जोड्या जुळवा तपासताना : रेघ आधी वाचा, उत्तरसूची मग उघडा

घटक चाचणीचे पेपर पहिल्यांदाच तपासायला घेणाऱ्यांना वाटतं, जोड्या जुळवा म्हणजे सगळ्यात सोपा प्रश्न. पाच जोड्या, पाच मार्क, बघितलं की झालं. उत्तरपत्रिकेत जोड्या लिहून घेतल्या असतील तर ते खरंही आहे. पण छापील प्रश्नपत्रिकेवरच रेघा ओढायच्या असतील, तर तुमच्यासमोर उत्तर येत नाही, चित्र येतं. ते चित्र आधी वाचावं लागतं.

आमच्याकडे पुण्यातल्या मुलांना परिसरातली धरणं आणि नद्या हमखास विचारतात. त्यातलाच एक प्रश्न घेऊ. ‘अ’ गटात वरून खाली खडकवासला, पानशेत, वरसगाव, वीर, उजनी. ‘ब’ गटात वरून खाली नीरा, मुठा, भीमा, मोसे, आंबी. बरोबर जोड्या अशा : खडकवासला मुठेवर, पानशेत आंबीवर, वरसगाव मोसेवर, वीर नीरेवर आणि उजनी भीमेवर.

या जोड्यांच्या रेघा तुम्ही स्वतः पट्टीने एका कोऱ्या प्रतीवर ओढा. रेघा एकमेकींना सहा ठिकाणी छेदतात. म्हणजे पूर्ण बरोबर उत्तरातसुद्धा सहा फुल्या दिसणारच. नवे शिक्षक अशा जाळ्याला बघूनच नाक मुरडतात आणि ‘अस्वच्छ’ असा शेरा मारतात, ते चूक आहे. उलट या प्रश्नात समोरासमोरची एकही जोडी बरोबर नाही. ज्या पोराने पाच आडव्या, नेटक्या, समांतर रेघा ओढल्यात, त्याला शून्य मिळतं. तेव्हा छेदणाऱ्या रेघांचं काही मनावर घेऊ नका. दोन रेघा ठसठशीत कोनात छेदत असतील तर कोणती कुठे गेली यात शंका उरत नाही.

शंका येते ती रेघा अरुंद कोनात भेटतात तिथे. या प्रश्नात पानशेत आणि वरसगावच्या रेघा बरोब्बर मध्यावर भेटतात, आणि जरा उजवीकडे उजनीची रेघ त्या दोघींना कापत वर जाते. तिथे एवढासा त्रिकोण तयार होतो. बोथट पेन्सिलने हातानेच रेघ ओढली की तो त्रिकोण भरून जातो आणि उरतो एक काळा फराटा. माझ्यापुढे आलेल्या एका पेपरात पानशेत आणि वरसगावच्या रेघा मध्ये बोटभर अंतर एकीवर एक चालल्या होत्या. पुढे त्यांना दोन फाटे फुटले, एक मोसेकडे, एक आंबीकडे. आता त्या रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या, की नुसत्या चिकटून आपापल्या बाजूला परत फिरल्या? ओलांडल्या असतील तर दोन्ही जोड्या बरोबर. परत फिरल्या असतील तर दोन्ही चूक.

इथे दोन मोह होतात. पहिला म्हणजे ‘याला येतच असणार’ म्हणून बरोबर धरणं. पण पानशेत आणि वरसगाव ही शेजारशेजारची धरणं. त्यांच्या नद्यांची अदलाबदल ही मुलांची नेहमीची चूक आहे. म्हणजे चुकीचं वाचनही तितकंच शक्य आहे. दुसरा मोह, तडजोड म्हणून दोनपैकी एक मार्क देणं. हे ऐकायला समंजस वाटतं, पण नीट बघा : कुठलंही वाचन घेतलं तरी एक मार्क येतच नाही. दोन येतात किंवा शून्य. एक मार्क म्हणजे त्या पोराने न लिहिलेल्या उत्तराला दिलेला मार्क.

म्हणून माझी पद्धत अशी. उत्तरसूची पालथी ठेवायची. प्रत्येक रेघ ‘अ’ गटाच्या टोकापासून पेन्सिलच्या टोकाने माग काढत न्यायची आणि कुठे पोचली ते वेगळ्या कागदावर लिहायचं, ‘पानशेत – आंबी’ असं. पाचही जोड्या लिहून झाल्यावरच सूची सरळ करायची. सूची डोळ्यांसमोर असली की डोळे आपल्याला हवं तेच वाचतात, हुशार पोराच्या बाजूने एक आणि बॅकबेंचरच्या बाजूने दुसरं.

चिकटलेल्या रेघांसाठी त्या जुळण्याच्या आधीची आणि नंतरची दिशा बघायची. जुळण्याआधी जी रेघ जास्त उतरती होती, ती पुढेही जास्त उतरतीच असणार, कारण हाताचा ओघ अध्येमध्ये वळत नाही. पट्टी ठेवून दोन्ही तुकडे एका ओळीत येतात का ते पाहा. त्या पेपरात पानशेतकडून येणारा तुकडा आणि आंबीकडे जाणारा फाटा एका ओळीत होते, मोसेकडचा फाटा मात्र वरसगावच्या तुकड्याच्या ओळीत. म्हणजे ओलांडणी, दोन मार्क. शंका असेल तर कागद उलटा करून बोट फिरवा. दाबून लिहिणाऱ्याची रेघ मागे उमटते, आणि खरोखर वळण घेतलं असेल तर तिथे कोपरा हाताला लागतो. कोणती रेघ आधी ओढली आणि कोणती नंतर, हे शोधत बसू नका. पेन्सिलमध्ये ते कळत नाही आणि कळून उपयोगही नाही.

त्याच पेपरात उजनीची रेघ भीमा आणि मोसेच्या मधल्या कोऱ्या जागेत संपली होती. अशा वेळी आधी पट्टीने रेघ शब्दाच्या कडेपर्यंत वाढवायची. वाढवलेली रेघ ज्या ओळीत शिरते, ते उत्तर. इथे ती दोन ओळींच्या मधूनच जात होती. मग उरलेल्या जोड्यांचा आधार घेतला. मोसेवर आधीच एक स्पष्ट रेघ आहे आणि भीमेवर एकही नाही, म्हणून भीमा. पण हा आधार तेव्हाच चालतो जेव्हा बाकीच्या चारही रेघा स्वतंत्रपणे वाचता आल्यात आणि दोन्ही गटांत सारखीच संख्या आहे. ‘ब’ गटात एखादी नदी जास्तीची दिली असेल, तर हा आधार संपला. आणि याच न्यायाने रेघ चुकीच्या उत्तरावर जात असती, तर तेही तितक्याच निमूटपणे मान्य करायचं.

काहीच ठरत नसेल आणि वर्गातलीच चाचणी असेल, तर पोराला बोलवा. मात्र ‘पानशेत कुठल्या नदीवर?’ असं विचारू नका. ती नवी परीक्षा झाली, आणि एव्हाना त्याने घरी पुस्तक उघडलेलं असतं. पेपर पुढे ठेवून ‘तुझी ही रेघ बोटाने चालव’ एवढंच म्हणा. बहुतेक मुलं न अडखळता बोट फिरवतात. एक मुलगी तर म्हणाली, “बाई, माझं रबर हरवलं होतं, म्हणून ती दुसरी रेघ तशीच राहिली.” तिची फिकी रेघ मी तोवर दुसरं उत्तर धरून बसले होते. वार्षिक परीक्षेत असं बोलावता येत नाही. तिथे एका गोष्टीकडे दोन रेघा गेल्या आणि कुठलीच खोडलेली नसली, तर त्या जोडीचा मार्क जातो.

प्रश्नपत्रिका तुम्हीच काढणार असाल तर यातलं बरंच आधीच टळतं. प्रत्येक शब्दापुढे ठळक टिंब द्या आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे छापायला देण्याआधी बरोबर रेघा एकदा ओढून बघा. वरच्याच प्रश्नात ‘ब’ गट आंबी, नीरा, मुठा, भीमा, मोसे असा लावला, तर सहाऐवजी चारच छेद होतात, चारही एकमेकांपासून लांब, आणि तो त्रिकोण राहतच नाही.